दही, आम्लता आणि परत परत येणारी खाज

«भगिनींनो, अंगावरून सारखं पांढरं जातंय, खाज येतेय? रोज वाटीभर दही खा आणि रात्री दह्यात बुडवलेला कापूस आत ठेवा. दह्यातले चांगले जीवाणू योनीत जाऊन आम्लता वाढवतात आणि आम्लतेत कुठलंच इन्फेक्शन टिकत नाही. दही आवडत नसेल तर प्रोबायोटिकची कॅप्सूल घ्या. पुन्हा कधी डॉक्टरकडे जावं लागणार नाही.»

फोंड्यातल्या फार्मसीच्या काउंटरवर हा मेसेज मला मोबाइलवर दाखवला जातो, तोही दुकानातली पुरुष गिऱ्हाइकं निघून गेल्यावर. दाखवणाऱ्या बहुतेक जणींनी दही आधीच सुरू केलेलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्लतेची गोष्ट अर्धी खरी आहे. आम्लता पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त. पाळी चालू असण्याच्या वयात योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे तिथल्या आवरणात ग्लायकोजेन साठतं, त्याच्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू जगतात आणि लॅक्टिक ॲसिड तयार करतात. हे जीवाणू कमी झाले की पीएच ४.५च्या वर जातो, गार्डनेरेलासारखे दुसरे जीवाणू माजतात आणि पातळ, करड्या रंगाचा, माशासारख्या वासाचा स्राव सुरू होतो. डॉक्टर त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. इथे आम्लतेचा संबंध आहे.

पण मेसेजमध्ये खाजेबद्दल लिहिलंय, आणि खाज व दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव ही बहुतेकदा कँडिडा या बुरशीची लक्षणं. कँडिडाला चारचा पीएच चांगला मानवतो. बुरशीच्या संसर्गात पीएच तपासला तर तो सहसा नॉर्मलच निघतो, डॉक्टर दोन्ही आजार वेगळे करतात ते याच खुणेवरून. याहून बोलका पुरावा वयाचा आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं आणि पीएच पाचाच्या वर चढतो. आम्लतेने बुरशी थांबत असती तर तिचा त्रास याच वयात वाढायला हवा होता. घडतं उलट: हार्मोनच्या गोळ्या न घेणाऱ्या या बायकांना बुरशी कमी होते, आणि गरोदरपणात, इस्ट्रोजेन भरपूर असताना, जास्त.

आता दह्यातल्या जीवाणूंचं पाहू. बाजारच्या योगर्टमध्ये मुख्यतः लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस असतात, घरच्या विरजणात प्रत्येक घराची वेगळी सरमिसळ. ही सगळी दुधात वाढणारी मंडळी. योनीत राहणारे क्रिस्पेटस, जेन्सेनी, गॅसेरी हे निराळे. आडनाव एक म्हणून घर एक होत नाही. बल्गेरिकस तिथे वस्ती करत नाही, आणि खाल्लेल्या दह्याची आंबटाई पोटातून योनीपर्यंत पोचत नाही.

«पण अमेरिकेत सिद्ध झालंय» असं कुणी म्हणालं, तर तो अभ्यास १९९२ सालचा. परत परत बुरशी होणाऱ्या ३३ बायका घेतल्या, सहा महिने रोज ॲसिडोफिलस हा जीवाणू असलेलं योगर्ट आणि सहा महिने योगर्ट नाही, अशी तुलना. योगर्टच्या काळात संसर्ग खूपच कमी दिसले. मात्र शेवटपर्यंत नियमाप्रमाणे राहिल्या फक्त १३ जणी. काहींनी तर योगर्ट सोडायलाच नकार दिला. आपण योगर्ट खातोय की नाही हे प्रत्येकीला माहीत होतं, त्यामुळे बरं वाटण्यात त्याचाही हात असू शकतो. २००४ साली ऑस्ट्रेलियात दोनशेहून जास्त बायकांवर नीट चाचणी झाली: अँटिबायोटिक घेताना लॅक्टोबॅसिलस तोंडाने किंवा योनीत दिलं, दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं पण बिनऔषधी. बुरशी अडली नाही, आणि फायद्याची शक्यता दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली.

दह्याचा कापूस आत ठेवणं तर सरळ नकोच. घरचं दही निर्जंतुक नसतं, सुजलेल्या त्वचेला ते झोंबतं, कापसाचा तुकडा आत राहून जातो. शिवाय दुसऱ्या दिवशी तपासायला गेलात तर डॉक्टरला स्राव कुठला आणि दही कुठलं ते कळत नाही.

मग परत परत का होतं? समजा, ४६ वर्षांची बाई आहे, मधुमेह आहे, चतुर्थीपासून आतापर्यंत चौथ्यांदा खाज आलीय. दर वेळी ती बुरशीवरची फ्लुकोनॅझोल १५०ची एक गोळी मागते, चार दिवस बरी राहते आणि श्रेय दह्याला देते. तिच्या चिठ्ठीवर मधुमेहाचं डॅपाग्लिफ्लोझिन आहे. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि तिथे साखर मिळाली की बुरशी फोफावते. २०२३मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे मला ही चिठ्ठी काही क्वचित दिसत नाही. (मधुमेहाची ही गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरला खाज सांगा.)

अशा बाईचा पीएच पट्टीवर चार येतो. स्रावाच्या थेंबावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे धागे दिसतात. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं असेल तर कल्चरही करतात, कारण ग्लाब्राटा नावाची जात निघाली तर नेहमीची गोळी नीट लागू पडत नाही. अल्बिकन्स ही नेहमीची जात असेल तर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी १५० मिलिग्रॅम, आणि मग आठवड्याला एक गोळी, सहा महिने. २००४च्या मोठ्या चाचणीत या पद्धतीने सहा महिन्यांअखेर दहातल्या नऊ जणी ठणठणीत होत्या. गोळी बंद केल्यावर आणखी सहा महिन्यांनी मात्र निम्म्याहून कमी. म्हणजे हाही कायमचा उपाय नव्हे, आणि साखर आटोक्यात नसेल तर आणखीच नव्हे. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर ही गोळी काउंटरवरून मागूच नका.

याच बाईला खाज कमी, माशासारखा वास जास्त आणि संबंधानंतर तो वाढणारा असता, पट्टीवर पाच आला असता, तर दही आणि फ्लुकोनॅझोल दोन्ही वाया गेलं असतं. तिथे जीवाणूंवरचं मेट्रोनिडॅझोल लागतं. बॅक्टेरियल व्हजायनोसिसही अनेकींमध्ये वर्षभरात परत येतं. २०२५च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत नवऱ्यालाही, म्हणजे जोडीदारालाही, औषध दिलं तेव्हा पुन्हा होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. घरी पट्टी वापरणार असाल तर पाळीत किंवा संबंधानंतर लगेच वापरू नका. रक्त आणि वीर्य दोन्ही पीएच वर नेतात, आणि नसलेला आजार दिसतो.

राहिली कॅप्सूल. २०२० साली अमेरिकेतल्या चाचणीत क्रिस्पेटसचा एक ठरावीक वाण मेट्रोनिडॅझोलनंतर योनीत ठेवला. बारा आठवड्यांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस परत आलं ३० टक्के बायकांना, बिनऔषधी गटात ४५ टक्क्यांना. फायदा खरा आहे, पण तो त्या वाणाचा, योनीत ठेवल्याचा, आणि बुरशीशी त्याचा संबंध नाही. आमच्या शेल्फवरच्या डबीवर बहुधा ॲसिडोफिलस, बिफिडोबॅक्टेरियम, सॅकरोमायसिस बोलार्डी अशी नावं असतात. ती जुलाबासाठी ठेवलेली आहेत, आणि मी ती त्यासाठीच देते.