गणपती, पाळी आणि "एक साधी गोळी"

"पाळीत बाईच्या शरीरातून उष्ण ऊर्जा निघते, मूर्तीवर परिणाम होतो, म्हणून ऋषींनी विज्ञान बघून नियम केला. समस्त हिंदूंत हजारो वर्षं हेच चालत आलंय. आणि गणपतीतच तारीख येत असेल तर एक साधी गोळी घ्या, विषय संपला."

हा मेसेज दरवर्षी श्रावण संपत आला की आमच्या वाडीच्या ग्रुपवर येतो. चाकरमानी निघायच्या आधी, माटवीला फळं-रानफुलं शोधायच्या आधी हा येतोच. म्हणून यंदा एकेक मुद्दा घेऊन नीट लिहितेय.

आधी ती ऊर्जा. पाळीत गर्भाशयाचं आतलं अस्तर आणि थोडं रक्त बाहेर येतं, मूर्तीवर किंवा मोदकाच्या उकडीवर परिणाम करणारं त्यात काही सापडलेलं नाही. 1920 मध्ये बेला शिक नावाच्या डॉक्टरने व्हिएन्नात म्हटलं होतं की पाळी आलेल्या बाईच्या हातात फुलं कोमेजतात, तिच्या शरीरात काहीतरी विष असतं, पण पुढच्या तपासण्यांत ते टिकलं नाही. आणि खरं सांगू का, धर्मग्रंथांनाही या विज्ञानाची गरज नाहीये. तैत्तिरीय संहितेत इंद्राच्या ब्रह्महत्येचा वाटा स्त्रियांनी घेतला अशी कथा आहे, नियमाचं कारण तिथे ते दिलंय. आपण गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेली ऋषीची भाजी खातो ना, त्या ऋषिपंचमीच्या व्रताच्या कथेतही रजस्वला असताना झालेल्या स्पर्शाचाच दोष आहे. म्हणजे "शास्त्रात लिहिलंय" हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. ज्याला पाळायचंय त्याने श्रद्धा म्हणून पाळावं, त्याला विज्ञानाचं लेबल लावू नये एवढंच माझं म्हणणं.

आता "समस्त हिंदू". तेराव्या शतकात आपल्या मराठी मुलखात चक्रधरस्वामींनी पाळीचा विटाळ मानला नाही, शरीराच्या बाकी दारांतून मळ येतो तसाच हा, असं त्यांनी सांगितलं. त्याच्या आधी बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या परंपरेनेही जी सुतकं नाकारली त्यात पाळीचं सुतक आहे. ओडिशात रज पर्वात धरणीमाता रजस्वला आहे म्हणून तीन दिवस नांगर बंद असतो, मुली झोपाळ्यावर बसतात. आसामात कामाख्येला देवीलाच पाळी येते असं मानून तीन दिवस देऊळ बंद ठेवतात आणि मग तिचं लाल वस्त्र लोक प्रसाद म्हणून घेतात. अर्थात तिथेही पाळीतल्या बाईने देवळात जाऊ नये असं मानणारे आहेतच, तेव्हा कामाख्या म्हणजे सगळं मोकळं असंही कोणी समजू नये. नियम एकच नव्हता, इतकंच यातून दिसतं.

आणि ती साधी गोळी. यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथे नुकसान होऊ शकतं. नॉरएथिस्टेरॉन हे तिचं औषधी नाव, साधारणपणे 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करतात आणि जितके दिवस लांबवायचं तितके दिवस घेतात. समजा तारीख नेमकी चतुर्थीची आणि घरचा गणपती पाच दिवसांचा, तर आधीचे तीन आणि हे पाच मिळून आठ दिवस, म्हणजे चोवीस गोळ्या झाल्या. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. उशिरा सुरू केली किंवा मोदकांच्या गडबडीत एखादी चुकली तर मधेच डाग दिसतो, आणि मग बाई अजूनच घाबरते. ज्यांना आधी रक्ताची गुठळी झालीय, लिव्हरचा त्रास आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतोय त्यांनी ती घ्यायचीच नसते. माझ्या चुलत वहिनीला बाळंतपणानंतर पायात गुठळी झालेली, तरी मेडिकलवाल्याने एक शब्द न विचारता पाकीट हातात दिलं, नशीब ती आधी डॉक्टरांना दाखवायला गेली, त्यांनी तिथेच थांबवलं. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सगळं सांगून घ्या.

आमच्या घरात काय होतं ते पण सांगते. माझ्या सासूबाई चार दिवस पडवीतच बसायच्या, त्यांना कोणी बसवत नव्हतं, त्यांची ती श्रद्धा होती आणि "तेवढीच पाठ टेकायला मिळते गो" असंही म्हणायच्या. जाऊबाई अजून पाळतात, मी तेव्हा मखराजवळ जात नाही पण स्वयंपाक करते, माझी मुलगी मात्र आरतीला उभी राहते. गेल्या वर्षी तिच्या हातात ताम्हन बघून जाऊबाई जरा थांबल्या, मग त्यांनीच निरांजनाची वात पुढे सारून दिली आणि स्वतः पडवीतून टाळ वाजवत राहिल्या.