धावता धावता किराणा

याआधी मी शेवटचा धावलो तो बसच्या मागे. बस मिळाली नव्हती. त्यानंतर थेट ४३व्या वर्षी मुलीने मोबाइलमध्ये धावायला शिकण्याचं वेळापत्रक टाकून दिलं. आठवड्यातून ३ दिवस, असे ९ आठवडे, आणि शेवटी न थांबता ३० मिनिटं. सुरुवात मात्र फारच पोरकट होती: ५ मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद धाव, ९० सेकंद चाल, असं ८ वेळा. साठ सेकंद! तेवढ्यात माझा दुसरा मोजाही सापडत नाही.

सुसाट सुटलो. चाळिसाव्या सेकंदाला छातीत लोहाराचा भाता सुरू झाला आणि चालायचे ९० सेकंद संपले तरी तो थांबेना. तिसऱ्या फेरीनंतर बाकावर कोसळलो. हात पाठीमागे बांधून फिरणारे शेजारचे सत्तरीतले नाना समोर थांबले. ‘‘काय रे, दमलास?’’ मला ‘हो’सुद्धा म्हणता येईना.

‘‘बाबा, तिथंच चुकलं,’’ मुलगी म्हणाली. ‘‘धावताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा.’’ मग मी बायकोने दिलेली यादी म्हणत धावू लागलो. ‘दोन किलो ज्वारी, पाव किलो शेंगदाणे आणि येताना कोथिंबीर’ हे एका दमात निघालं तर ठीक. शेंगदाण्यांपाशी धाप लागली तर पाय आवरायचे. या वेगात नाना चालत माझ्या पुढे जात, पण आठही फेऱ्या पुऱ्या होत.

दुसऱ्या आठवड्यात, ९० सेकंद धाव आणि २ मिनिटं चाल असताना, मी उत्साहाने रोज पळालो. चौथ्या दिवशी नडग्या ठणकायला लागल्या. दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायू आपल्या सवडीने तयार होतात. मधला सुटीचा दिवस त्यांचा असतो. दुखणं जाईपर्यंत थांबलो आणि तोच आठवडा पुन्हा केला. नापास होऊन त्याच वर्गात बसण्याचा मला अनुभव आहे.

खरा दगाफटका पाचव्या आठवड्यात. पहिल्या दिवशी ५-५ मिनिटांच्या तीन धावा, दुसऱ्या दिवशी ८-८ च्या दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २०! छपाईची चूक असेल म्हणून मुलीला दाखवलं. तिने हिशेब मांडला: आठ दुणे सोळा परवा पळालातच, आता चारच वाढवायची आणि मधली चाल काढायची. चाल काढायची म्हणजे चहातून साखर काढण्यासारखंच की!

त्या दिवशी यादी इतक्या हळू सुरू केली की ज्वारी मैदानाच्या दारात आणि कोथिंबीर पिंपळाखाली. बाराव्या मिनिटाला पाय थांबायचं म्हणाले, पण दम शाबूत होता, म्हणून आणखी हळू झालो. अठराव्या मिनिटाला नाना बरोबरीने चालत आले. ‘‘आज थांबला नाहीस?’’

‘‘नाही नाना, दोन किलो ज्वारी, पाव किलो शेंगदाणे आणि येताना कोथिंबीर!’’

नाना त्या दिवसापासून जरा अंतर ठेवून चालतात.