खुलासा : फुकटच्या पीडीएफ रीडरविषयी

‘पीडीएफ रीडर फुकट आहे, म्हणजे ॲडोबी स्पर्धक संपवून नंतर वाचकांकडूनच वसुली करणार’ असा संदेश फिरत आहे.

किमतीचा इतिहास वेगळा आहे. 1993 मध्ये ॲडोबीचे पीडीएफ फायली बनवण्याचे आणि वाचण्याचे सॉफ्टवेअर ॲक्रोबॅट आले तेव्हा नुसत्या रीडरलाही सुमारे 50 डॉलर पडत; वाचक थोडेच राहिले, आणि कोणी उघडणार नाही अशा फायली बनवण्याचे साधन विकत घेण्याचे कारणही उरेना. लवकरच रीडर फुकट झाला आणि पैसे फायली बनवणाऱ्यांकडून घेतले गेले, कारण किंमत दिसताच वाचक पाठ फिरवतो, तर प्रत्येक नव्या वाचकागणिक बनवणाऱ्याच्या लेखी साधनाचे मोल वाढते. वाचकांवरचा खर्च असा दुसरी बाजू भरून काढते. प्रत्येक फुकट सेवेला हे लागू नाही. तरी कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.