चौथरा, पाडवा आणि सगळ्यांना सारखं अंतर

शनिशिंगणापूरला शनिदेवाच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देण्याच्या वादावर मी लेख लिहिला होता. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया : "लेख एकतर्फी वाटला. माझं सासर नेवासा तालुक्यातलं. आम्ही बायका शनिदेवाला खालूनच हात जोडतो आणि त्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. शनी उग्र देवता आहे, तिचे नियम वेगळे. आणि चौथरा तर पुरुषांनाही बंदच होता, मग स्त्रियांवर अन्याय कुठला? बाहेरून येऊन आमच्या श्रद्धेला नावं ठेवणं सोपं असतं."

ताई, चौथऱ्याबद्दलचा तुमचा मुद्दा बरोबर आहे, चूक माझी. 'पुरुष खुशाल वर जात आणि बायकांना अडवत' असं मी लिहून गेलो. पूर्वी पुरुष आंघोळ करून ओल्या वस्त्राने वर जात, हे खरं. पण 2016 च्या वादाआधी काही वर्षं देवस्थानने सामान्य पुरुष भाविकांनाही तो बंद केला होता. वर जायचे ते पुजारी. पण मला वाटतं, सगळ्या प्रकरणाची किल्ली तुमच्या या मुद्द्यातच आहे.

28 नोव्हेंबर 2015 ला एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि तेल वाहून निघून गेली. त्यानंतर मूर्तीला दुधाचा अभिषेक झाला, सुरक्षारक्षक निलंबित झाले. इथे मी थोडा अडखळतो. नियम सगळ्यांना सारखा असेल, तर मोडणाऱ्याला समज देता येते. शुद्धीकरण कशाचं केलं? यावर तुम्ही म्हणाल की शनीच्या उग्रतेमुळे, बाईला त्रास होऊ नये म्हणून ते केलं. गावात बरीच माणसं मनापासून तसं मानतात, हे मला मान्य आहे. जानेवारी 2016 मध्ये देवस्थानच्या अध्यक्षपदी पहिल्यांदा एक स्त्री आली, अनिता शेटे. त्याही परंपरा जपण्याच्याच बाजूने बोलल्या. तेव्हा 'पुरुषांनी बायकांवर लादलं' एवढ्यावर हा विषय संपत नाही. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

दुसरी बाजूही काही बाहेरच्यांचा खोडसाळपणा नव्हती. सामाजिक कार्यकर्त्या विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर 1 एप्रिल 2016 ला मुंबई उच्च न्यायालयाने नवा हक्क निर्माण केला नाही. 1956 चा एक जुना कायदा अमलात आणा, एवढंच सरकारला सांगितलं. हिंदूंच्या सार्वजनिक मंदिरात एखाद्या हिंदूला जिथवर जाता येतं, तिथवर दुसऱ्या हिंदूला अडवता येत नाही, असा तो कायदा. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे प्रश्न 'बाई चौथऱ्यावर जावी का' असा नव्हताच. पुरुष जात असेल तर बाईला अडवता येणार नाही, आणि कोणीच जात नसेल तर तक्रारीला जागा नाही.

देवस्थानने दुसरी वाट धरली : कोणीच नाही. ती टिकलीही असती. पण 8 एप्रिलला गुढीपाडवा आला. पाडव्याला प्रवरासंगमहून कावडीने आणलेलं पाणी चौथऱ्यावर जाऊन देवाला घालायची गावकऱ्यांची रीत आहे. बंदी असूनही शंभरावर पुरुष वर गेले. त्यांच्या दृष्टीने ते बंड नव्हतं, वर्षाचा नेम होता. पण 'कोणीच नाही' हे उत्तर त्या सकाळी संपलं. त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना खुला केला आणि संध्याकाळी स्त्रिया वर गेल्या. बदल आंदोलनाने आणि कोर्टाने दारापर्यंत आणला. दार उघडलं ते गावच्या स्वतःच्या रीतीने. (नाहीतरी शिंगणापुरात घरांना दारं नसतातच.)

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मात्र ही दुसरी वाट, म्हणजे सगळ्यांना सारखा नियम, टिकली. तिथे मजारीपर्यंत जायला स्त्रियांना मनाई होती. 26 ऑगस्ट 2016 ला त्याच उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला खरा, पण पुढे त्याने तोडगा मान्य केला आणि नोव्हेंबरअखेर स्त्रिया आत गेल्या. व्यवस्था अशी की मजारीपासून साधारण दोन मीटर अंतरावर पुरुषही थांबणार, स्त्रियाही. श्रद्धेचं अंतर राहिलं, पण ते सगळ्यांना सारखं झालं.

तुमच्या सासरच्या बायका खालूनच नमस्कार करत असतील, तर त्यांना वर जा असं सांगणारा हा निकाल नाही. कायदा अडवणाऱ्याला लागू होतो, न जाणारीला नाही. माझा आक्षेपही तेवढाच आहे : स्वतःहून खाली थांबणं वेगळं आणि शेजारणीला वर जाऊ न देणं वेगळं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, 2 एप्रिलला, चौथऱ्यावर जायला आलेल्या स्त्रियांना गावकऱ्यांनी रोखलं, ते दुसऱ्या प्रकारचं होतं. उग्र देवतेच्या तुमच्या श्रद्धेबद्दल मी वाद घालणार नाही. ती खरी की खोटी हे ठरवायला कोर्टही बसलं नव्हतं.

लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे आणि पाडव्याचा परिच्छेद जोडला आहे. पाडव्याची कावड तुम्ही सासरी पाहिली असेल, तर बायका तेव्हा कुठे उभ्या राहायच्या आणि आता कुठे राहतात, ते जरूर लिहा.