प्लग आणि कार्डबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

"इलेक्ट्रिक कार घेऊन हायवेला जाऊ नका. प्रत्येक कंपनीच्या चार्जरचा प्लग वेगळा असतो, तुमच्या गाडीला बसेलच असं नाही. प्रत्येक कंपनीचं आरएफआयडी कार्ड नसेल तर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि कार्डमधले पैसे संपले की तुम्ही रस्त्यात अडकलात."

हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर परत आलाय आणि गाडी बुक करायला निघालेली माणसं तो वाचून थांबतायत, म्हणून नीट लिहितो.

आधी प्लग. आज भारतात विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या कारना फास्ट चार्जिंगसाठी एकच सॉकेट आहे, सीसीएस२. नेक्सॉन, पंच, टियागो, एक्सयूव्ही४००, विंडसर, क्रेटा, अगदी बीवायडी आणि किआसुद्धा. फ्लॅप उघडून बघा, वर सात भोकांचा गोल भाग दिसेल तो टाइप २, म्हणजे स्लो एसी चार्जिंगचा, आणि त्याच्या खाली दोन जाड पिना असतील तर तो सीसीएस२. खालच्या दोन पिना नसतील तर तुमच्या गाडीला डीसी फास्ट चार्जिंग नाहीच, उदाहरणार्थ एमजी कॉमेट, ती फक्त एसीवर चार्ज होते. वेगळ्या प्लगची गोष्ट आली कुठून, तर जुन्या सरकारी आणि टॅक्सीवाल्या गाड्यांवरून, ई-व्हेरिटो आणि सुरुवातीची टिगोर. त्यांना जीबी/टी नावाची वेगळीच गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा हँडलवाला प्लग, लागायची आणि ते १५ किलोवॅटचे चार्जर काही ठिकाणी अजून उभे आहेत. म्हणून चार्जिंगच्या ॲपमध्ये नुसतं स्टेशन बघू नका, कनेक्टरचा फिल्टर सीसीएस२ वर ठेवा, झालं.

आता कार्ड, इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. आरएफआयडी कार्डमध्ये पैसे नसतातच, त्यात फक्त एक नंबर असतो. कार्ड टेकवलं की चार्जर तो नंबर स्वतःच्या सिमवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, सर्व्हर तुमचं खातं आणि वॉलेट बघतो आणि हो किंवा नाही कळवतो. ॲपने क्यूआर स्कॅन केला तर तुमचा फोन सर्व्हरला सांगतो आणि सर्व्हर चार्जरला सुरू कर म्हणतो. म्हणजे बहुतेक ठिकाणी कार्ड नसलं तरी ॲपवर काम होतं. मग कार्डाचा उपयोग काय, तर मॉलच्या बेसमेंटमध्ये तुमच्या फोनला रेंज नसेल तेव्हा ते कामाला येतं. पण चार्जरचंच नेट गेलं असेल तर बऱ्याचदा कार्डही चालत नाही, काही चार्जर ओळखीच्या कार्डांची यादी स्वतःच्या मेमरीत ठेवतात तेवढेच ऑफलाइन सुरू होतात. त्यामुळे निघायच्या आधी ॲपमध्ये चार्जर Available दाखवतोय का आणि थोड्या वेळापूर्वी तिथे कोणी खरंच चार्ज केलंय का हे बघणं कार्डांचा गठ्ठा बाळगण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

पैशाची तक्रार मात्र अर्धी खरी आहे. तीन ॲप म्हणजे तीन वॉलेट आणि प्रत्येकात थोडे थोडे पैसे पडून राहतात, हे चीड आणणारं आहे आणि कंपन्यांनी सुधारायलाच हवं. पण त्यामुळे अडकत कोणी नाही. समजा पुण्याहून कोल्हापूरला निघालात, बॅटरी ४० युनिटची आहे आणि कराडजवळ २० टक्के उरली. ८० टक्क्यांपर्यंत न्यायला साधारण २४ युनिट लागतील. दर २० रुपये धरला तर ४८० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६६ रुपये. वॉलेटमध्ये ७०० टाका, काम झालं. कमी पडले तर चार्जिंग थांबतं, पैसे भरून परत सुरू करायचं, तोवर भरलेली बॅटरी कुठे जात नाही.

माणसं खरी अडकतात ती वेगळ्याच गोष्टीत आणि त्याबद्दल त्या मेसेजात एक शब्द नाही. गन लावली, पैसे कापले गेले, स्क्रीनवर Preparing आलं आणि मग एरर. याचं कारण बऱ्याचदा केबलचं वजन असतं, गन खाली लोंबते आणि गाडी-चार्जरचं बोलणं ज्या छोट्या पिनमधून होतं तिचा संपर्क नीट होत नाही. गन काढा, गाडी लॉक करा, गन परत पूर्ण आत ढकला आणि पहिला अर्धा मिनिट हँडल हाताने वर उचलून धरा. तरी नाही झालं तर चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण बघा, कोणीतरी दाबून गेलेलं असतं, बाणाच्या दिशेने फिरवलं की ते वर येतं. आणि गन निघत नसेल तर ओढाताण करू नका, ज्या ॲपने किंवा कार्डाने सुरू केलं त्यानेच सेशन बंद करा, गाडी अनलॉक करा, मग काढा.