धाबं पाडायचं, पैसे आपले, मग बोलायचं कोणी?

"सासऱ्यांना गावातलं धाब्याचं घर पाडून स्लॅबचं दोन मजली बांधायचंय. पैसे आम्ही इकडून पाठवणार, पण मला कोणी विचारत नाही. नवऱ्याला बोलले की तो गप्प बसतो. भांडण न होता कसं बोलू?"

ताई, मी अमळनेर तालुक्यातली सून, राहते जर्मनीत, आणि आमच्याकडे अगदी असंच झालं. गावाकडे यावर दोन मतं ठरलेली असतात, एक म्हणजे घर त्यांचं, पैसे द्या आणि गप्प बसा, दुसरं म्हणजे ज्याचे पैसे त्याचं चालणार. मला दोन्ही पटत नाहीत. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर तुम्ही कितीही पाठवा, घर त्यांचंच राहतं, आणि जागा त्यांची स्वकमाईची असेल अन् मृत्युपत्र नसेल तर पुढे सासूबाई, मुलगे आणि मुली सगळ्यांचा सारखा वाटा. म्हणून पाठवायचं ते दिलं असं समजूनच पाठवायचं. मग खरा प्रश्न उरतो की किती द्यायचं, आणि तो फक्त तुमचा दोघांचा आहे.

इकडे जर्मनीत 2020 पासून असा नियम आहे की आईवडिलांच्या सांभाळाच्या खर्चासाठी सरकार मुलाकडे तेव्हाच येतं जेव्हा त्याची वर्षाची कमाई 1 लाख युरोच्या वर असते. म्हणजे रेघ सरकारने मारून दिलीये. आपल्याकडे मायबापाला किती द्यायचं याची रेघ कोणी मारत नाही, ती नवरा-बायकोला मारावी लागते आणि तिथेच भांडण होतं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली कर्जाचा कागद करून घे. लिहून ठेवावं इतकं तिचं बरोबर, पण सासऱ्यांपुढे कर्जाचा कागद ठेवला तर आमच्याकडे बोलणंच बंद होईल.

आम्ही केलं ते असं. रविवारी इथे दुकानं बंद असतात, तेव्हा दोघं बसलो आणि आकडा ठरवला. मिस्त्रीचा अंदाज 22 लाखांचा होता, आम्ही 12 वर थांबलो, वर एक रुपया नाही. त्याला मी एकच विचारलं, हे कधीच परत आले नाहीत तरी तुला चालेल का? त्याने हो म्हणायला दोन-तीन दिवस घेतले. घ्यावेतच.

मग फोन त्याने केला, मी नाही. आणि एकट्या वडिलांना केला. आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर काका, शेजारचे, सगळे येऊन बसतात, सख्ख्या भावासमोर सासऱ्यांना माघार घेता येत नाही. 'ती म्हणते' हा शब्द आला की संपलं, 'आमचं ठरलंय' एवढंच. तुमच्या घरी बिघडतंय हे ओळखायची खूणही हीच, सासूबाई थेट तुम्हाला फोन करून "आमना पोऱ्या असा नव्हता" म्हणाल्या तर समजा नवऱ्याने तुमचं नाव पुढे केलंय.

सासऱ्यांना बांधकाम आमच्यापेक्षा खूप कळतं. नवरा म्हणत होता उन्हाळ्यात सुट्टी काढून येतो, तेव्हाच स्लॅब टाकू. ते म्हणाले, अरे मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, स्लॅबला दहा-पंधरा दिवस पाणी मारायचं कुठून, नाही मारलं तर तडा जाईल. काम दिवाळीनंतर धरलं. पैसे पण टप्प्याने, पाया झाला की, स्लॅब पडला की, मग प्लास्टर-फरशी. एकदम सगळे दिले असते तर वरचा मजला आधी उभा राहिला असता, मला तरी असंच वाटतं.

आमची अट एकच होती, खालीच, झोपायच्या खोलीला लागून कमोडचं बाथरूम, सासूबाईंचे गुडघे गेलेत म्हणून. त्याला त्या स्वतःच नाही म्हणाल्या, कारण ती भिंत देवघराची. शेवटी ते पडवीच्या बाजूला काढलं, दोन पायऱ्या जास्त पडल्या, अजूनही मला ते पटलेलं नाही. उलट मोठा हॉल मला फुकटचा वाटायचा, पण कानबाईचे रोट असतात तेव्हा सगळी भाऊबंदकी तिथेच जेवते, त्या जागेवर आम्ही बोललो नाही. फरशीचा रंग, दरवाजे, त्यावरही नाही.

नणंदबाईंना विचारलं तर त्या पुण्यातल्या फ्लॅटच्या हप्त्यांचं सांगत बसल्या, की माझ्या सासरच्यांनी तर एक पैसा दिला नाही. त्यांना वाटलं आम्ही मदत मागतोय, आम्ही विचारत होतो घर कोणाच्या नावावर राहावं ते. तो विषय अजून लटकलाय. वरच्या मजल्याच्या सळया कॉलममधून तशाच बाहेर आहेत, सासरे दर फोनला आठवण काढतात आणि नवरा म्हणतो पुढच्या वर्षी बघू. मी त्याला सांगितलंय, मृत्युपत्राचं विचारायचं तर तू आणि तुझ्या बहिणीने मिळून विचारा, सुनेच्या तोंडून ते निघालं की त्याचा अर्थ एकच लावला जातो.