बाबांची पेन्शन जमा झाली ना? मग कशाला उगाच हिशोब काढताय!

घरात केंद्र सरकारची पेन्शन घेणारं कोणी असेल तर स्टेटमेंट फक्त पैसे आले का एवढंच बघायला उघडायचं. किती आले आणि तेवढेच का आले हे विचारणाऱ्या मुलांना नातेवाईकांत फार किंमत नसते. पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे तो पीपीओ, तर कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहू द्या, जुन्या लग्नपत्रिकांखाली. बाहेर काढलात तर वाचावा लागेल, आणि वाचलात तर आली का पंचाईत!

आता समजा एक आजोबा आहेत, 30 जून 2010 ला रिटायर झालेले. पीपीओवर मूळ पेन्शन 12,000, त्यातली 40 टक्के एकरकमी पैसे घेऊन विकलेली (कम्युटेशन हो), म्हणून 1 जुलै 2010 पासून महिन्याला 4,800 कापायचे असं लिहिलंय. सातव्या वेतन आयोगाने मूळ पेन्शन 2.57 पट, म्हणजे 30,840 झाली पण कपात तीच 4,800. महागाई दिलासा मात्र पूर्ण 30,840 वर मिळतो, कपात करून उरलेल्या रकमेवर नाही. 2025 च्या जूनमध्ये दिलासा 55 टक्के होता, म्हणजे 16,962, आणि एकूण जमा 43,002. खात्यात बरोब्बर तेवढेच आलेत, म्हणजे सगळं ठीक आहे, चहा घ्या.

जुलैत, ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्येही 43,002 च आले. किती सुंदर सातत्य! असं सातत्य दिसलं की अजिबात संशय घेऊ नका. विकलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो, म्हणजे 1 जुलै 2025 पासून ती 4,800 ची कपात बंद व्हायला हवी होती आणि जुलैतच 47,802 यायला हवे होते, पण हे कळायला पीपीओवरची तारीख बघावी लागते, आणि पिशवी तर आपण बंद ठेवलीय ना.

ऑक्टोबरमध्ये मजा आली. दिलासा जुलैपासून 58 टक्के झाला, म्हणून तीन महिन्यांचा फरक 2,778 धरून 46,706 जमा झाले. घरात आनंद, "वाढली हो पेन्शन!" फरकाची रक्कम एकदाच येते आणि कपात मात्र आत तशीच चालू आहे हे सांगणाऱ्या सुनेला पेढा देऊ नका.

मग आला नोव्हेंबर, हयातीच्या दाखल्याचा. (80 पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, पण घाई कशाला.) नातवाने मोबाईलवर आजोबांचा चेहरा दाखवून जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला काढला, प्रमाण आयडीचा मेसेज आला, झालं काम! पीपीओ नंबरातला एक आकडा चुकला, किंवा पेन्शन देणारी बँक दुसरीच निवडली, तर दाखला तयार होतो पण बँकेत नाकारला जाऊ शकतो. म्हणून तो बँकेने स्वीकारला का हे पोर्टलवर बघायच्या भानगडीत पडू नका. आणि आजीची स्वतःची पेन्शन वेगळी, फॅमिली पेन्शन वेगळी असेल तर दोन पीपीओंचे दोन दाखले लागतात, तरी एकच काढून मोकळे व्हा.

नोव्हेंबरचे 43,928 आले, कारण तो महिना तर दाखला द्यायचाच असतो. डिसेंबर कोरा, जानेवारी कोरा. फेब्रुवारीत दाखला नीट गेल्यावर तीन महिन्यांचे एकदम 1,31,784 आले आणि मोठा आकडा बघून सगळे शांत झाले. भागिले तीन करायचं नाही हं! केलंत तर पुन्हा 43,928 येतात, आणि हवे होते 48,728. म्हणजे दाखल्यामुळे थांबलेले पैसे आले पण जुलैपासूनच्या आठ महिन्यांचे 38,400 अजून बँकेकडेच आहेत.

जमा कमी दिसली की लगेच बँकेला चोर म्हणायचं, ती पेन्शन स्लिप मागायची नाही, कारण त्यात मूळ, दिलासा, कपात आणि टीडीएस वेगवेगळे दिसतात आणि भांडणातली मजा जाते. मार्चची पेन्शन 31 ला नाही आली की काउंटरवर आरडाओरडा करा, ती एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी येत असली तरी.

आणि काहीही करा पण पेन्शन प्रोसेसिंग सेंटरला तो एक पानाचा अर्ज देऊ नका. त्यात पीपीओ नंबर, कपात सुरू झाल्याची तारीख, कपात कुठल्या महिन्यापासून थांबायला हवी होती आणि थकबाकी 38,400 असं लिहायचं, सोबत पीपीओच्या त्या पानाची झेरॉक्स जोडायची आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. शाखेतला साहेब "सिस्टिममध्ये आपोआप होतं" म्हणाला की मान डोलावून घरी या, पुढच्या महिन्यात 43,928 आले का तेवढं बघा.